दोन क्लिप जोडायला एकेक फ्रेम पुरते की आठ-आठ लागतात?

एका क्लिपमध्ये कॅमेरा वाड्याच्या ओसरीतून खिडकीकडे सरकतोय, दुसरीत बाहेरच्या भातखाचरांवर पाऊस पडतोय. मला कॅमेरा खिडकीतून थेट शेतात न्यायचा होता. आधी साधा क्रॉसफेड लावून पाहिला, तर खिडकीच्या गजांवर भात उगवल्यासारखं दिसलं. तो नाद तिथेच सोडला.

मग उरले दोन मार्ग. पहिला म्हणजे पहिल्या क्लिपची शेवटची फ्रेम आणि दुसरीची पहिली फ्रेम व्हिडिओ बनवणाऱ्या एआय मॉडेलला द्यायची आणि मधला तुकडा त्याच्याकडून करून घ्यायचा. फ्रेम काढताना स्क्रीनशॉट नको, त्यात रंग आणि आकार दोन्ही बदलू शकतात. त्यापेक्षा हे बरं:

```
ffmpeg -sseof -1 -i a.mp4 -update 1 last.png
ffmpeg -i b.mp4 -frames:v 1 first.png
```

वान २.१ या एआय व्हिडिओ मॉडेलचं पहिली-शेवटची फ्रेम घेणारं रूप ८१ फ्रेमचा तुकडा देतं. सेकंदाला १६ फ्रेम, म्हणजे साधारण पाच सेकंद. त्यातली पहिली आणि शेवटची फ्रेम तुमच्या क्लिपमध्ये आधीच आहे. मधल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांची ती एकेक फ्रेम कापा, नाहीतर जोडावर चित्र क्षणभर अडखळतं.

या पद्धतीची खरी अडचण वेगळीच आहे. स्थिर चित्रात वेग नसतो. माझा कॅमेरा खिडकीकडे चांगला जोरात चालला होता, पण मधला तुकडा सुरू होताच तो थबकला आणि मग पुन्हा निघाला. यात मॉडेलचा दोष नाही, कॅमेरा किती वेगात होता हे त्या एका फ्रेममध्ये लिहिलेलंच नव्हतं. दुसऱ्यांदा मी पहिली क्लिप जरा आधी, कॅमेरा मंदावतो तिथे कापली आणि तिथली फ्रेम दिली. थबकणं जवळजवळ गेलं.

दुसरा मार्ग वान २.१ च्याच व्हेसचा, म्हणजे दिलेल्या व्हिडिओतला ठरावीक भाग नव्याने बनवणाऱ्या मॉडेलचा. इथे पहिल्या क्लिपच्या शेवटच्या ८ फ्रेम, मधे ६५ राखाडी फ्रेम आणि दुसरीच्या पहिल्या ८ द्यायच्या. सोबतच्या मास्कमध्ये ठेवायचं ते काळं, नव्याने बनवायचं ते पांढरं. आठ फ्रेममधून कॅमेऱ्याची दिशा आणि वेग दोन्ही कळतात, म्हणून धावता कॅमेरा असेल तर हाच मार्ग घ्या. मात्र ही मॉडेल चालवायच्या कॉम्फीयूआय या प्रोग्रॅममध्ये मास्क जुळवण्यात संध्याकाळ जाते, आणि दोन्ही क्लिपचा फ्रेमरेट आधी सारखा करून घ्यावा लागतो.

कॅमेरा शांत असेल, किंवा वापरता ती वेबसाइट दोनच चित्रं घेत असेल, तर एकेक फ्रेम पुरते. फक्त दोन्ही चित्रांत काहीतरी समान हवं. माझ्या दुसऱ्या क्लिपच्या सुरुवातीला खिडकीची चौकट नव्हतीच, तेव्हा मॉडेलने भिंत वितळवून शेत केलं, म्हणजे पुन्हा क्रॉसफेडच. चौकटीची कड दिसेल अशी ती क्लिप नव्याने केली, तेव्हा कुठे कॅमेरा गजांमधून बाहेर पडला.