चावी कधी मिळते ते आधी बघा, मग विमान निवडा

जर्मनीला शिकायला निघालेल्या मुंबईच्या मुलांच्या घरी तिकिटाची चर्चा बहुतेक भाड्यापासून सुरू होते. ती सुरू व्हावी खोलीच्या चावीपासून. विद्यार्थी वसतिगृहाची चावी बहुतेक ठिकाणी कार्यालयाच्या वेळेतच मिळते, शनिवार-रविवारी मिळत नाही. त्यात रविवारी जर्मनीत दुकानंही बंद असतात. मोठ्या स्टेशनांवरची किंवा विमानतळावरची तेवढी उघडी सापडतात. शनिवारी उतरलेल्या मुलाला दोन रात्री हॉटेलात काढाव्या लागतात आणि स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे तिथेच संपतात.

एक उदाहरण घेऊ. डोंबिवलीची एक मुलगी माग्डेबुर्गला एमएससीला चालली आहे. वर्ग ऑक्टोबरमध्ये सुरू होणार, म्हणून सप्टेंबरच्या उत्तरार्धात निघायचं. माग्डेबुर्गला मुंबईहून थेट विमान नाही. तिच्यासमोर तीन रस्ते आहेत: मुंबई ते फ्रँकफर्ट थेट आणि पुढे रेल्वे, दोहामार्गे बर्लिन आणि पुढे रेल्वे, किंवा पॅरिस वा ॲमस्टरडॅमला विमान बदलून बर्लिन.

थेट विमानाला साधारण नऊ तास लागतात. मध्यरात्रीनंतर निघून ते सकाळी उतरतं. फ्रँकफर्ट विमानतळालाच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे. तिथून माग्डेबुर्ग साधारण चार तासांवर, बहुतेकदा मध्ये एक गाडी बदलून. सगळं सुरळीत झालं तर दुपारी चावी हातात पडते. त्रास आहे तो दोन जड बॅगा घेऊन गाडी बदलण्याचा. म्हणून हा रस्ता धरणाऱ्याने एकच मोठी बॅग आणि एक मध्यम बॅग ठेवावी. रेल्वेचं स्वस्त तिकीट एका ठरावीक गाडीला बांधलेलं असतं आणि विमान उशिरा आलं तर ते हातचं जाऊ शकतं. पहिल्या दिवशी थोडे जास्त पैसे देऊन कोणत्याही गाडीला चालणारं तिकीट घ्यावं.

दोहामार्गे गेलात तर बॅगा थेट बर्लिनला मिळतात आणि रेल्वेप्रवास दोन-अडीच तासांचा उरतो. पण उतरायला दुपार झाली, तर चावीचं कार्यालय बंद होण्याआधी पोचणं अवघड. हा रस्ता घ्यायचाच तर वसतिगृहाला आधी ईमेल करून विचारा: उशिरा आलो तर चावी कोण देईल? होकार लेखी आला, तरच हे तिकीट घ्या. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत. काउंटरवर बॅगेला चिकटवलेल्या पट्टीवर BER ही अक्षरं आहेत ना, ते तिथेच उभं राहून बघा. थांबा आला की बॅग मागे राहण्याची शक्यताही वाढते. पट्ट्यावर बॅग आली नाही, तर हॉलमधून बाहेर पडण्याआधीच सामानाच्या खिडकीवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा. तिथे तुमचा जर्मनीतला पूर्ण पत्ता विचारतात, म्हणून तो कागदावर लिहिलेला हवा.

तिसऱ्या रस्त्यात एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही. पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमला विमान बदललं, की इमिग्रेशन तिथेच होतं, कारण शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांत, प्रवेश तिथे होतो. म्हणजे प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचं, म्हणजे तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवलेल्या खात्याचं, पत्र आणि विमा यांबद्दलचे प्रश्न जर्मन नाही, तर फ्रेंच किंवा डच अधिकारी विचारणार, तेही पुढचं विमान पकडायची घाई असताना. सप्टेंबरमध्ये ही रांग लांबू शकते. दोन विमानांमध्ये तीन तास नसतील, तर पहिल्याच प्रवासाला हा रस्ता मी कुणालाही सुचवणार नाही.

रस्ता कोणताही असो, व्हिसावरची सुरुवातीची तारीख बघा. तिच्या एक दिवस आधीही उतरता येत नाही. तिकिटावर मंगळवार पहाटे दोन असेल, तर सहारच्या विमानतळावर पोचायचं सोमवारी रात्री. या तारखेच्या घोळात विमानं खरोखर चुकतात. त्यात गणपतीचे दिवस असतील, तर विसर्जनाच्या संध्याकाळी डोंबिवलीहून टी-टूला पोचायला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. त्या दिवशी दुपारीच निघून अंधेरी-पार्ल्याच्या नातेवाइकांकडे थांबलेलं बरं.

आता कागद. केबिनमध्ये नेण्याची छोटी ट्रॉली आणि पाठीवरची सॅक यांत कागद नेहमी सॅकमध्ये. विमान भरलेलं असलं की ट्रॉली दाराशीच काढून खाली सामानात टाकतात आणि मग त्यातले कागद हाताशी राहत नाहीत. सॅकमध्ये पासपोर्ट, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, विम्याचं प्रमाणपत्र, भारतातलं शिक्षण तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र, वसतिगृहाचा करार आणि दहावीपासून पदवीपर्यंतच्या मूळ गुणपत्रिका. विद्यापीठात नाव नोंदवताना मूळ प्रती मागू शकतात, आणि मोठी बॅग हरवली तर त्या पुन्हा मिळवायला मुंबई विद्यापीठाच्या फेऱ्या आईबाबांना माराव्या लागतील. पॉवर बँकही सॅकमध्येच; ती मोठ्या बॅगेत चालत नाही. दोन दिवसांचे कपडे, रोजची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठीही जवळ हवी. केबिनच्या सामानाची मर्यादा सात-आठ किलोच्या आसपास असते, त्यामुळे लॅपटॉपसकट सगळं घरच्या काट्यावर तोलून बघा.

मोठ्या बॅगेबद्दल घरात सगळ्यात जास्त वाद होतो तो खाऊवरून. तूप, पेढे, खव्याच्या वड्या नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि सापडले तर ते फेकून देतात. सुकं खोबरं तर मुंबईतच काढून ठेवतील, कारण त्यातल्या तेलामुळे ते ज्वालाग्राही मालात मोजतात. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, डाळी बिनधास्त न्या. कुकर मोठ्या बॅगेत ठेवा, पण तो छोटा घ्या आणि आत मसाल्याच्या पुड्या भरा. तांदूळ नेऊन वजन वाया घालवू नका, तिथे मिळतो. तिकीट नगावर आहे की एकूण वजनावर, हेही बघा: नगावर असेल तर साधारण तेवीस किलोच्या एका बॅगेतलं जास्तीचं वजन दुसरीच्या मोकळ्या जागेत मोजून घेत नाहीत.

पहिल्या आठवड्यात कामांचा क्रम महत्त्वाचा, कारण एक कागद दुसऱ्यावर अडलेला असतो. चावी घेताना घरमालकाचं किंवा वसतिगृहाचं राहत असल्याचं सहीचं पत्र तिथेच मागून घ्या. त्याला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग म्हणतात. नाव पाठ नसलं तर लिहून दाखवा. ते घेऊन नगरपालिकेत पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग करायची. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांची मुदत असते. नोंदीसाठीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती लवकर मिळत नाही, म्हणून वेळ मुंबईत असतानाच घेऊन ठेवा. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे सुरू व्हायला जर्मन बँकेतलं खातं लागतं, आणि तिथेही नोंदणीचा कागद मागू शकतात. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांचा खर्च फॉरेक्स कार्डावर आणि थोडा रोख युरोत हवा. हॉटेल किंवा हॉस्टेलच्या तात्पुरत्या खोलीवर हे सहीचं पत्र सहसा मिळत नाही, त्यामुळे तिथे अडकलात की पुढची सगळी कामं थांबतात.

आपल्या डोंबिवलीच्या मुलीसाठी मी सोमवारी मध्यरात्रीनंतर, म्हणजे तिकिटावर मंगळवारी, निघणारं फ्रँकफर्टचं थेट विमान निवडेन, दोहाचं तिकीट काहीसं स्वस्त असलं तरी. मंगळवारी उशीर झालाच, तर बुधवार ते शुक्रवार कार्यालयं उघडी असतात. ती जर बर्लिनमध्येच शिकणार असती आणि वसतिगृहाने उशिरा चावी द्यायला लेखी होकार दिला असता, तर मी दोहाचं तिकीट घेतलं असतं.