जुनी सेसवाली गाडी की नवी चाळीस टक्क्यांची? एक्स-शोरूम किमतीतला कर सोडवून बघू

नागपुरात पाऊण कोटीच्या घरातली एसयूव्ही घ्यायची म्हटलं की आज तीन पर्याय समोर येतात: कोरी पेट्रोल-डिझेल गाडी, तीच गाडी पण वर्ष-सव्वा वर्ष वापरलेली, नाहीतर कोरी इलेक्ट्रिक. या तिघींवरचा कर वेगवेगळ्या पद्धतीने लागलेला आहे. त्यामुळे नुसत्या किमती शेजारी मांडून भागत नाही. किमतीतला कर आधी वेगळा काढावा लागतो, आणि लोक चुकतात ते नेमके तिथेच.

चूक कशी होते ते बघा. जुनी गाडी विकणारा छातीठोकपणे सांगतो, "भाऊ, पंच्याहत्तर लाखाची गाडी आहे. बावीस टक्के सेस, म्हणजे साडेसोळा लाख तर मी सरकारलेच दिले!" घेणारा हे ऐकून गप्प बसतो. पण त्याने साडेसोळा लाख दिलेले नाहीत, अकरा लाख दिलेत. एक्स-शोरूम किमतीत जीएसटी आणि सेस दोन्ही आधीच मिसळलेले असतात. दोन्ही कर लागतात ते करापूर्वीच्या मूळ किमतीवर. सेस हा जीएसटीवरचा कर नाही, तो जीएसटीच्या बाजूला, त्याच मूळ किमतीवर बसतो. मूळ किंमत १०० धरली तर २८ जीएसटी, २२ सेस आणि एक्स-शोरूम १५०. म्हणून उलटा हिशेब असा:

सेस = एक्स-शोरूम × २२ ÷ १५०

पंच्याहत्तर लाखांना हे लावलं की मूळ किंमत ५० लाख, जीएसटी १४ लाख आणि सेस ११ लाख निघतो. म्हणजे एक्स-शोरूमच्या २२ टक्के नव्हे, साधारण पावणेपंधरा टक्के. विक्रेत्याचं जुनं बिल हातात घेतलं तर हे चार ओळींत दिसतं: करपात्र मूल्य, सीजीएसटी १४ टक्के, एसजीएसटी १४ टक्के आणि शेवटी कॉम्पेन्सेशन सेस २२ टक्के.

आता दुसरी बाजू. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा हा सेस गेला. वर्तमानपत्रातला मथळा वाचून पुष्कळांना वाटलं की किंमत अकरा लाखांनी उतरणार. तसं झालं नाही, कारण त्याच दिवशी मोठ्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. एकूण कर ५० होता, तो ४० झाला. पन्नास लाखांच्या मूळ किमतीवर फरक पडला पाच लाखांचा. माझ्या मते या सगळ्या व्यवहारात ध्यानात ठेवायचा आकडा हा पाच लाखांचा आहे. साडेसोळा तर नाहीच, पण अकराही नाही.

हा फरक आरटीओतही पुढे चालू राहतो. महाराष्ट्रात गाडीचा एकरकमी कर एक्स-शोरूम किमतीवर लागतो. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला, वैयक्तिक नावावर, १३ टक्के. किंमत उतरली की हा करही उतरतो. मार्च २०२५ मध्ये बिल झालेली पेट्रोल एसयूव्ही आणि आजची तीच गाडी, कंपनीने मूळ किंमत बदललेली नाही असं धरून, अशी दिसते:

| | मार्च २०२५ चं बिल | आजचं बिल |
|---|---|---|
| मूळ किंमत | ५०,००,००० | ५०,००,००० |
| जीएसटी | १४,००,००० | २०,००,००० |
| सेस | ११,००,००० | ० |
| एक्स-शोरूम | ७५,००,००० | ७०,००,००० |
| आरटीओ कर, १३ टक्के | ९,७५,००० | ९,१०,००० |
| दोन्ही मिळून | ८४,७५,००० | ७९,१०,००० |

विमा आणि किरकोळ शुल्क मी मुद्दाम धरलेलं नाही. एक टक्का टीसीएसही धरलेला नाही. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता तो घेतो, आणि काही जण त्यालाच 'लक्झरी सेस' म्हणून कोटेशनमध्ये बोट दाखवतात. तो सेस नव्हे. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, फॉर्म २६एएसमध्ये दिसतो आणि विवरणपत्र भरताना आयकरात वळता होतो. सेस गेला तो गेलाच.

वापरलेल्या गाडीची घासाघीस या तक्त्यावरूनच करायची. विकणारा मनात ८४ लाख ७५ हजार धरून बसलेला असतो. त्यातून वर्षाची घसरण म्हणून वीस टक्के वजा केले की त्याचा आकडा ६७ लाख ८० हजार होतो. पण तुमच्यासाठी त्या गाडीला पर्याय आहे आजची नवी गाडी, ७९ लाख १० हजारांची. तिच्यातून तेच वीस टक्के काढले तर ६३ लाख २८ हजार उरतात. मधले साडेचार लाख म्हणजे दुसरं काही नाही, गेलेल्या कराचं ओझं तुमच्या खांद्यावर टाकायचा प्रयत्न आहे. विकणाऱ्याची लबाडी असतेच असं नाही. त्याने खरोखरच पैसे मोजलेत. पण त्याचा तोटा तुम्ही का भरून द्यायचा?

विमा कंपनी हा हिशेब तुमच्या आधीच करून बसलेली असते, आणि हे मला फार उपयोगी वाटतं. नूतनीकरणाच्या वेळी आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, काढताना गाडीची जुनी खरेदी किंमत नाही, त्या वेळची कंपनीची जाहीर किंमत धरतात आणि तिच्यातून वयाप्रमाणे घट करतात. एक ते दोन वर्षांच्या गाडीला ही घट २० टक्के. म्हणजे आयडीव्ही ७५ लाखांवर नव्हे, ७० लाखांवर निघेल: ५६ लाख. विकणाऱ्याकडे पहिल्या वर्षाची पॉलिसी असेल तर तिच्यावरचा आकडा सेसच्या काळातला आहे. त्याच्याकडून नूतनीकरणाचं कोटेशन मागून घ्या. ५६ लाख ही खालची खूण आणि ६३ लाख २८ हजार ही वरची, बोलणी या दोहोंमध्ये. आलिशान गाड्या बाजारात आयडीव्हीपेक्षाही लवकर पडतात, तेव्हा मी खालच्या खुणेकडूनच सुरुवात करीन. साठ लाखांच्या खाली विक्रेता येत नसेल तर नवी घ्या. पूर्ण वॉरंटी मिळते आणि पुढे विकताना तुमच्या बिलावर सेसचं भूत नसतं.

अजून एक गोष्ट बिलातच सापडते. पंच्याहत्तर लाख ही छापील किंमत असेल, पण शोरूमने तीन लाख सूट बिलावरच दिली असेल तर एक्स-शोरूम ७२ लाख, मूळ किंमत ४८ लाख आणि सेस १० लाख ५६ हजार. बिलावर दाखवलेली सूट कर लागण्याआधी वजा होते. म्हणून किंमतपत्रक पाहू नका, मूळ टॅक्स इन्व्हॉइसच मागा. "हरवलं" म्हणाला तर शोरूममधून दुसरी प्रत निघते.

जुनी गाडी घेताना नव्याने सेस लागत नाही. मालकाकडून थेट घेतलीत, आणि तो व्यवसाय म्हणून गाड्या विकत नसेल, तर जीएसटीही नाही. जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत विक्रेत्याकडून घेतलीत तर त्याच्या नफ्याच्या फरकावर १८ टक्के जीएसटी. त्याने ५४ ला घेऊन ५८ ला विकली तर कर चार लाखांवर, अठ्ठावन्नवर नव्हे. कोटेशनमध्ये पूर्ण किमतीवर कर लावलेला दिसला तर तिथेच थांबवा.

सेडान की एसयूव्ही, हा प्रश्न करापुरता आता मिटला आहे. पूर्वी चार मीटरहून लांब, १५०० सीसीहून मोठं इंजिन आणि रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर किंवा जास्त, असं तिन्ही जमलं की २२ टक्के सेस; मोठ्या इंजिनाच्या सेडानला २० टक्के. पन्नास लाखांच्या मूळ किमतीवर सेडान ७४ लाखांना पडायची. आता दोन्ही सत्तरला. जुनी सेडान घेत असाल तर वरच्या सूत्रात २२ च्या जागी २० आणि १५० च्या जागी १४८ टाका. तिच्यात गेलेल्या कराचा बोजा पाचऐवजी चार लाखांचा आहे.

राहिली इलेक्ट्रिक. तिच्यावर सेस कधी नव्हताच. ऑगस्ट २०१९ पासून जीएसटी ५ टक्के आहे आणि सप्टेंबर २०२५ च्या बदलातही तो तेवढाच राहिला. तुलना अशी करून बघा: सत्तर लाख एक्स-शोरूम दिले तर पेट्रोल गाडीत पन्नास लाखांचीच गाडी येते, इलेक्ट्रिकमध्ये साधारण ६६ लाख ६७ हजारांची. करावर बघाल तर हिच्या जवळपास कोणी नाही. पण त्या जास्तीच्या रकमेतला मोठा वाटा बॅटरीवर जातो, तेव्हा तेवढा ऐषआराम वाढला असं समजू नका. वापरलेली इलेक्ट्रिक घेणाऱ्याला मात्र सेसचा मुद्दा काढून भाव पाडता येत नाही, कारण तिची जुनी किंमत करामुळे फुगलेली नव्हती. तिथे बोलणी बॅटरीच्या तब्येतीवर करा.

"रायपूरहून नाहीतर छिंदवाड्याहून आणली तर?" असं नागपुरात हमखास विचारलं जातं, सीमा जवळ असल्यामुळे. जीएसटी देशभर सारखाच आहे आणि सेस होता तोही सारखाच होता, त्यामुळे त्यात एक रुपया वाचत नाही. परराज्यातली जुनी गाडी कायमची इथे ठेवायची तर एनओसी आणून, इथला कर भरून एमएच-३१ किंवा एमएच-४९ चा नंबर घ्यावा लागतो. मुंबई-पुण्याची गाडी असेल तर कर महाराष्ट्रातच भरलेला असतो, नुसतं नाव बदलायचं. म्हणून सातशे किलोमीटरांवरची पुण्याची गाडी छिंदवाड्याच्या गाडीपेक्षा स्वस्त पडू शकते.

फर्मच्या किंवा कंपनीच्या नावावर घेणाऱ्यांनी एवढं पाहावं: स्वतःच्या वापराच्या प्रवासी गाडीवर इनपुट क्रेडिट मिळत नाही, ना सेसचं मिळायचं, ना आज ४० टक्के जीएसटीचं मिळतं. तो कर गाडीच्या किमतीत धरून घसारा मात्र घेता येतो. आणि महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर आरटीओ कर १३ नव्हे, २० टक्के. सत्तर लाखांवर तो १४ लाख होतो, वैयक्तिक नावापेक्षा ४ लाख ९० हजार जास्त. सेस जाऊन एक्स-शोरूममध्ये वाचलेले पाच लाख या एका ओळीत जवळजवळ परत जातात, तेव्हा घसाऱ्यातून आयकर किती वाचतो ते सीएला आधी विचारा आणि मगच बुकिंग फॉर्मवर नाव टाका.