न धुतलेली अंडी: बाहेर ठेवावीत की फ्रिजमध्ये?

अंडे घातले जाते तेव्हा त्याच्या कवचावर ओलसर थर असतो. तो लगेच सुकतो आणि कवचातील हजारो सूक्ष्म छिद्रे बऱ्याच अंशी बंद करतो. अंडे धुतले की हा थर झिजतो, आणि देशोदेशीच्या नियमांतील फरकाची सुरुवात येथूनच होते.

अमेरिकेत दुकानांत येणारी अंडी बहुतांशी धुतलेली असतात. कवचावरील विष्ठा आणि तिच्यातील साल्मोनेला जिवाणू काढून टाकावेत, हा त्यामागचा विचार. मात्र संरक्षक थर गेल्यामुळे पुढे थंडावा अपरिहार्य ठरतो. मोठ्या पोल्ट्री फार्मांना अंडी घातल्यापासून 36 तासांनंतर ती सुमारे 7 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवावी लागतात. युरोपीय संघात याउलट ‘अ’ वर्गाची अंडी, काही अपवाद वगळता, धुण्यास मनाई आहे. विक्रीपूर्वी ती 5 अंशांखाली थंड करणेही टाळले जाते, कारण थंड अंडे उबदार हवेत आले की कवचावर दव धरते आणि त्या ओलाव्यातून जिवाणूंना छिद्रांतून आत शिरणे सोपे जाते. ‘युरोपात अंडी फ्रिजमध्ये ठेवतच नाहीत’ असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात: तेथील वेष्टनावर खरेदीनंतर अंडी थंड ठेवण्याची सूचना असते.

याचे कारण असे की, कवच अबाधित असले तरी साल्मोनेलाचा एक प्रकार संसर्ग झालेल्या कोंबडीच्या शरीरातूनच, कवच तयार होण्यापूर्वी, अंड्यात पोहोचू शकतो. ताज्या अंड्यातील पांढरा भाग त्याला वाढू देत नाही. परंतु दिवस जातात तसे बलकाभोवतीचे पातळ आवरण सैल पडते आणि पोषक द्रव्ये बाहेर झिरपू लागतात. उष्णतेत ही प्रक्रिया वेगाने होते, थंडाव्यात बरीच लांबते.

म्हणून निर्णय खोलीच्या तापमानावर ठरवावा. खोली 18 ते 20 अंशांची असेल, अंडी ताजी व न धुतलेली असतील आणि आठवडाभरात संपणार असतील, तर ती सावलीत बाहेर ठेवण्यास माझी हरकत नाही. खोली 30 अंशांवर जात असेल, किंवा घरात लहान मूल, गरोदर स्त्री अथवा वृद्ध व्यक्ती असेल, तर फ्रिजच योग्य. एकदा थंड केलेली अंडी पुन्हा बाहेर ठेवून देऊ नयेत. फ्रिजमध्येही ती दारात न ठेवता आतील कप्प्यात ठेवावीत, कारण दाराजवळचे तापमान सतत चढउतार करते.

आणल्याबरोबर अंडी धुऊन ठेवणे मात्र दोन्ही बाजूंनी तोट्याचे: थर जातो आणि फ्रिजची गरज वाढते. गार पाण्याने धुतल्यास आतील द्रव्य आकसून कवचावरची घाण छिद्रांतून आत ओढली जाण्याचाही धोका असतो. पाण्यात तरंगणारे अंडे जुने असते, एवढेच त्या चाचणीवरून कळते. तळाशी बसलेल्या अंड्यातही साल्मोनेला असू शकतो, आणि त्यावर बलक घट्ट होईपर्यंत शिजवणे हाच उपाय आहे.