जेंटामायसिन दिवसातून तीनदा की एकदाच? डोस तेवढाच, मग फरक कुठे पडतो

वॉर्डात हा प्रश्न सारखा निघतो आणि उत्तर बहुतेक वेळा "आमच्या युनिटला असंच देतात" एवढंच मिळतं. म्हणून हाफ लाइफ हातात घेऊन दोन्ही पद्धती शेजारी शेजारी मांडून बघू, इंटर्न आणि बी.फार्मवाल्यांना उपयोगी पडेल. जेंटा घेतलं कारण ते जवळजवळ सगळं किडनीतूनच जातं, रक्तातून उतरताना ठराविक वेळात निम्मं होत जातं, त्यामुळे गणित पुस्तकासारखंच चालतं.

पेशंट धरू 60 किलोचा, किडनी ठणठणीत. औषध शरीरात साधारण किलोमागे पाव लिटरमध्ये पसरतं, म्हणजे 15 लिटर. हाफ लाइफ 2 तास. आपल्याकडचं अँप्युल 80 मिग्रॅचं, दिवसाला तीन अँप्युल, म्हणजे 240. आता ती तीन अँप्युल आठ-आठ तासांनी एकेक द्यायची की सकाळी एकदम तिन्ही सलाईनमधून सोडायची, एवढाच वाद आहे.

गणितासाठी दोनच ओळी लागतात:

```
r = 0.5^(τ / t½)
Cmin = (D / V) × r / (1 − r)
```

D म्हणजे एका वेळचा डोस, V म्हणजे ते 15 लिटर, t½ म्हणजे हाफ लाइफ, τ म्हणजे दोन डोसमधलं अंतर, r म्हणजे त्या अंतरात किती भाग शिल्लक राहतो, आणि Cmin म्हणजे डोस बरेच झाल्यावर पुढच्या डोसच्या अगदी आधी रक्तात उरणारी लेव्हल, म्हणजेच ट्रफ. पीक, म्हणजे डोस गेल्याबरोबरची सगळ्यात वरची लेव्हल, हवी असेल तर दुसऱ्या ओळीच्या अंशातला r काढून टाका, बाकी तेच.

आधी तीनदावालं. एका डोसने लेव्हल 5.3 ने वर जाते (सगळीकडे मिग्रॅ प्रति लिटर), आठ तासांत चार हाफ लाइफ होतात म्हणजे सोळावा भाग उरतो, म्हणून साठत काही नाही, तिसऱ्या डोसपर्यंत पीक 5.7 आणि ट्रफ 0.36 वर स्थिर. एकदावाल्यात पीक 16 आणि चोवीस तासांनी बारा हाफ लाइफ झाल्यामुळे ट्रफ जवळजवळ शून्य. दिवसभराची सरासरी मात्र दोन्हीकडे अगदी सारखी, कारण सरासरी ठरते दिवसाच्या एकूण डोसवर आणि किडनीच्या वेगावर, तुम्ही तुकडे कसे पाडले त्याच्याशी तिचा काही संबंध नाही. मग निवडायचं कशावरून? आकार बघायचा, एकीकडे तीन बुटक्या टेकड्या आणि दुसरीकडे एक उंच कडा व मागे लांबलचक सपाट मैदान.

जेंटासाठी कडा बरा, दोन कारणांनी. एक म्हणजे हे औषध जंतूला मारतं ते पीकच्या जोरावर, जंतूला थोपवायला जेवढी कमीत कमी लेव्हल लागते (एमआयसी) तिच्या आठ ते दहा पट पीक मिळालं तर चांगलं, आणि एमआयसी 1 असेल तर तीनदावाल्याचं 5.7 तिथे पोचतच नाही. लेव्हल खाली गेल्यावरही ग्रॅम निगेटिव्ह जंतू काही तास दबलेलेच राहतात, त्यामुळे मधला रिकामा वेळ वाया जात नाही. दुसरं म्हणजे किडनीच्या नलिका आणि आतल्या कानाच्या पेशी औषध आत ओढतात पण त्या ओढण्याला मर्यादा आहे, पीक 6 वरून 16 झालं म्हणून त्या प्रमाणात औषध आत जात नाही, उलट लेव्हल सतत थोडी थोडी चालू राहिली की ते शोषत राहतात. म्हणजे नुकसानीच्या बाजूने बघायचं तर पीकपेक्षा ट्रफची भीती जास्त. अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलने 1995 मध्ये छापलेली पद्धत तर किलोमागे 7 मिग्रॅ एकदम देते, 20 च्या आसपासचं पीक धरून.

इथपर्यंत दोन्हींचे ट्रफ तसे ठीकच आहेत, त्यामुळे कोणी म्हणेल काय फरक पडतो. खरी गंमत किडनी मंदावली की दिसते. तोच पेशंट, तेच तीन अँप्युल, फक्त हाफ लाइफ 2 ऐवजी 8 तास धरा. आता आठ तासांत फक्त निम्मं जातं. पहिल्या डोसनंतर 5.3, पुढच्या डोसआधी 2.7 उरलं. दुसऱ्या डोसने 8, उतरून 4. तिसऱ्याने 9.3, उतरून 4.7. असं चढत चढत शेवटी पीक 10.7 आणि ट्रफ 5.3. तीनदावाल्या पद्धतीत ट्रफ 2 च्या खाली ठेवायचा असतो आणि इथे तो अडीच पटीहून जास्त. पहिल्या डोसनंतरची लेव्हल बघून "थोडंच जास्त आहे, चालतंय" म्हणालात तर फसाल, कारण तो आकडा अजून दुप्पट व्हायचा आहे. अंतर आणि हाफ लाइफ सारखे झाले की साठा नेहमी दुपटीवरच जाऊन थांबतो, डोस कितीही असो.

एकदावाल्याचं काय होतं? चोवीस तासांत तीन हाफ लाइफ, आठवा भाग उरतो, पीक 18.3, ट्रफ 2.3. तीनदापेक्षा निम्म्याहून कमी, पण या पद्धतीत ट्रफ 1 च्या खाली हवा, म्हणजे हेही नापासच. फक्त इथे सुधारायला सोपं आहे, डोस तोच ठेवा आणि अंतर 48 तासांवर न्या, सहा हाफ लाइफ होतात, ट्रफ 0.25 आणि पीक तरीही 16 च्या वर. किडनी खराब म्हणून पहिला डोसच निम्मा करतात ते मला पटत नाही, पीक ठरतं 15 लिटरवर आणि त्या 15 लिटरचा किडनीशी थेट संबंध नाही. आधी अंतर वाढवा.

माझा कल उघडच एकदाकडे आहे, पण सगळीकडे नाही. एन्टरोकॉकसच्या हृदयाच्या झडपेच्या इन्फेक्शनमध्ये जेंटा दुसऱ्या अँटिबायोटिकला साथ म्हणून असतं, तिथे लहान डोस वाटून देण्याचीच रीत आहे. मोठं भाजलेलं, पोटात पाणी झालेलं, डायलिसिसवरचं असं कोणी असेल तर वरचं 15 लिटर आणि हाफ लाइफ दोन्ही गंडतात, तिथे हे गणित तसंच्या तसं लावू नका. आणखी एक, औषध क्षणात आत गेलं असं आपण धरलंय, प्रत्यक्षात सलाईन अर्धा ते एक तास चालते त्यामुळे खरं पीक थोडं कमीच येतं. ट्रफला त्याने फारसा फरक पडत नाही.

हाफ लाइफ कळणार कसं हा पुढचा प्रश्न. लेव्हलची सोय असेल तर एकाच डोसनंतर दोन सॅम्पल घ्या, वेळ नीट लिहा, आणि ज्या लाइनमधून औषध गेलं तिच्यातून रक्त काढू नका. समजा डोसनंतर 2 तासांनी 12 आली आणि 8 तासांनी 3, तर सहा तासांत दोनदा निम्मी झाली, हाफ लाइफ 3 तास, चोवीस तासांचं अंतर आरामात चालेल. पण 2 तासांनी 14 आणि 10 तासांनी 7 आली तर हाफ लाइफ 8, चोविसाव्या तासाला अजून 2 च्या वर शिल्लक, 1 च्या खाली यायला साधारण 33 तास लागणार, म्हणून पुढचा डोस 36 तासांवर.

लेव्हल होत नसेल, आणि ग्रामीण रुग्णालयात बहुतेक नसतेच, तर क्रिएटिनिनवरच भिस्त. पण ते उशिरा बोलतं, साधारण पाच-सात दिवस औषध झाल्यावर वाढायला लागतं, तोवर हाफ लाइफ कधीच लांबलेलं असतं आणि ट्रफ चढत असतो. अशा ठिकाणी तर एकदाचीच पद्धत धरा, कारण किडनी गुपचूप मंदावून हाफ लाइफ 8 तासांवर गेलं तरी चोवीस तासांत तीन हाफ लाइफ मिळतात, आठ तासांत एकच मिळतं.