हेअरलाइन खाली आणायची की होती तिथेच भरायची?

वयाच्या ३१ व्या वर्षी माझ्यासमोर केस प्रत्यारोपणाचे दोन आराखडे होते. यात डोक्याच्या मागून केसांचे छोटे पुंजके, म्हणजे ग्राफ्ट, काढून पुढे लावतात. पहिल्या क्लिनिकने भुवयांच्या मधोमध बिंदू धरून साडेसहा सेंमीवर जवळजवळ सरळ रेघ आखली, दोन्ही बाजूंचे कोपरे पूर्ण बुजवले आणि ‘३,५०० ग्राफ्ट, पुढच्याच आठवड्यात’ असं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी रेघ आठ सेंमीवर ठेवली, कोपरे थोडे मागेच राहू दिले आणि १,७०० ग्राफ्ट सांगितले. तेही वर्षभर औषध घेऊन गळती स्थिरावली तरच.

आरशात पहिली रेघ जास्त देखणी दिसत होती, हे मान्य करतो. पण घरी येऊन हिशेब केला. नैसर्गिक डोक्यावर दर चौरस सेंमीला साधारण ८० ते १०० ग्राफ्टइतके पुंजके असतात. एका बैठकीत साधारण ४० ते ५० बसवले जातात, कारण फार दाटीवाटीने लावले तर रक्तपुरवठा कमी पडून काही ग्राफ्ट जगत नाहीत. ४५ धरले तर माझी विरळ झालेली ३८ चौरस सेंमी जागा १,७०० मध्ये भरते. रेघ दीड सेंमी खाली आणली की सोळा सेंमी रुंदीवर आणखी २४ चौरस सेंमी वाढतात, आणि कोपरे बुजवायला पंधरा. म्हणजे उरलेले १,८०० ग्राफ्ट जिथे आत्ता कपाळच आहे तिथे जाणार होते.

ग्राफ्ट जिथून काढतात तो मागचा डोनर भाग काही पुन्हा उगवत नाही. माझ्या बाबतीत आयुष्यभराचा अंदाज ५,५०० च्या आसपास निघाला. वडिलांचा क्राउन, म्हणजे डोक्याचा वरचा मागचा भाग, चाळिशीतच रिकामा झाला होता. उद्या माझाही झाला, तर ३,५०० पुढे खर्च करून मागे भरायला फारसं काही उरलं नसतं. आणि खाली आणलेली रेघ मात्र पन्नाशीतही तिथेच राहिली असती, मागे विरळ होत जाणाऱ्या केसांच्या पुढे.

तरीही माझा निर्णय झाला तो या हिशेबाने नाही. पहिल्या ठिकाणी रेघ आखली ती समुपदेशकाने, दोन मिनिटांत. डॉक्टर भेटलेच नाहीत आणि डोनर भाग कोणी भिंगाखाली पाहिला नाही. मी विचारलं, ‘ग्राफ्ट बसवायच्या चिरा, म्हणजे स्लिट, कोण पाडणार?’ उत्तर आलं, ‘आमची टीम.’ पुन्हा विचारलं, तेव्हाही तेच. हे मला इतकं खटकलं की नंतरची सवलत मी ऐकलीही नाही. ग्राफ्ट बसवताना प्रशिक्षित सहायकांची मदत घेतात, त्यात वावगं काही नाही. पण केस कोणत्या कोनात, कोणत्या दिशेने उगवणार हे स्लिट ठरवते. पुढच्या एक-दोन ओळींत एकेका केसाचेच ग्राफ्ट हवेत, किंचित वाकडेतिकडे, त्वचेला जवळजवळ टेकून निघणारे. तिथे तीन केसांचा पुंजका उभा लागला तर बाहुलीच्या केसांसारखा दिसतो, आणि तो दुरुस्त करायला पुन्हा डोनरच लागतो. दुसऱ्या डॉक्टरांनी याच प्रश्नाला ‘मी स्वतः’ असं उत्तर दिलं, भुवया वर करायला लावून कपाळाची आठी कुठे संपते ते पाहिलं आणि वडील-मामांच्या डोक्यांबद्दल विचारलं.

वर्षभर थांबणं मात्र कंटाळवाणं होतं. शस्त्रक्रियेनंतरही धीर लागतोच. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळतात, जुनेही काही धक्क्याने झडतात, आणि तिसऱ्या महिन्यात मी आधीपेक्षा वाईट दिसत होतो. चौथ्यापासून बारीक केस आले. खरा निकाल बाराव्या महिन्यानंतरच कळला. आज कोरड्या केसांत कुणालाही काही जाणवत नाही. ओल्या केसांत, डोक्यावर दिवा असला की त्वचा दिसते. शाळेतली दाटी परत आलेली नाही, आणि १,७०० ग्राफ्टमध्ये ती येणारही नव्हती.

तुमचं वय पंचेचाळिशीपुढे असेल, गळती बरीच वर्षं थांबलेली असेल आणि डोनर दाट असेल, तर रेघ थोडी खाली घेणं कदाचित तुम्हाला परवडेल. पंचविशीत असाल तर मी आधी औषधाबद्दल डॉक्टरांशी बोललो असतो. गळती रोखायला देतात ते फिनास्टेराइड सगळ्यांना मानवतंच असं नाही, त्यामुळे दुष्परिणामही तेव्हाच विचारून घ्या. कुठल्याही क्लिनिकमध्ये जा, पण जुन्या रुग्णांचे फोटो मागताना बारा महिन्यांनंतरचे, केस मागे विंचरलेले, ओले आणि आधीच्याच उजेडात काढलेले मागा. मला पहिल्या ठिकाणी सगळे फोटो केस पुढे ओढलेलेच दाखवले होते.