वाढीव कामाच्या नोटिशीत ३६,००० रुपये कसे उकळले गेले

न्हाणीघराच्या नूतनीकरणाचे काम देताना भिंतींना ७ फुटांपर्यंत टाइल्स बसवण्याचे ठरले होते. चारही भिंतींची मिळून लांबी २८ फूट, म्हणजे १९६ चौरस फूट. मजुरी आणि साहित्यासह दर १८० रुपये, एकूण ३५,२८० रुपये. हे सारे मूळ कोटेशनमध्ये होते. पुढे आम्हीच टाइल्स १० फुटांवरच्या छतापर्यंत न्यायला सांगितल्या आणि कंत्राटदाराने वाढीव खर्चाची लेखी नोटीस पाठवली.

नोटीस दिसायला अगदी चोख होती. बदलाचे कारण, दर, रक्कम, मान्यतेसाठी सहीची जागा आणि '२४ तासांत उत्तर न आल्यास मान्यता गृहीत धरली जाईल' अशी ओळ. कामाचे वर्णन होते 'टाइल्स छतापर्यंत, २८० चौरस फूट' आणि रक्कम ५०,४०० रुपये. 'मूळ कामातून वजा' हा रकाना कोराच होता. शंका यायला हवी होती ती तिथेच! वाढ फक्त वरच्या ३ फुटांची, म्हणजे ८४ चौरस फूट; त्यातून झरोक्याचे ४ गेले की उरतात ८०, आणि त्यांचे होतात १४,४०० रुपये. खालच्या १९६ फुटांचे पैसे पुन्हा लावले होते, झरोक्याच्या उघड्या जागेचेही लावले होते. पण जुन्या टाइल्स उखडलेल्या, घरातले एकमेव न्हाणीघर बंद आणि सही होईपर्यंत कारागीर येणार नाही असा निरोप; अशा वेळी कोणीही सही केली असती. मुदत २४ तासांचीच का ठेवली होती, ते आता कळते.

पोलिसांनी 'हा दिवाणी वाद आहे' म्हणून अर्जही घेतला नाही. ग्राहक तक्रार कक्षात 'तुमची लेखी मान्यता आहे' एवढेच ऐकवले. मान्यता रकमेला होती, एकाच भिंतीचे पैसे दोनदा घेण्याला नव्हती, हे समजून घेण्यासाठी कोट्यधीशाचा वकील लागत नाही; पण कोटेशन आणि नोटीस शेजारी ठेवून पाहण्याची तसदी एकाही टेबलावर कोणी घेतली नाही. कंत्राटदारांच्या संघटनेने तर आमचे पत्र त्याच कंत्राटदाराकडे 'योग्य कार्यवाहीसाठी' पाठवून दिले.

नोटिशीत मूळ काम, वगळलेले काम आणि वाढीव काम वेगवेगळे लिहून मागा. नुसते क्षेत्रफळ मान्य करू नका, लांबी आणि उंची लिहायला लावा. मौन म्हणजे मान्यता ही ओळ खोडून तिथे सही करा आणि उत्तर लेखीच द्या. भिंतीआड कुजलेला पाइप निघाला तर खर्च खरोखरच वाढतो, पण तो झाकण्याआधी फोटो घ्या. पैसे देणे भागच असेल, तर पावतीवर 'हक्क राखून' असे लिहा. आमच्या पावतीवर ते नाही, आणि कंत्राटदार आता तीच पावती पुढे करतो.

टाइल्स अजून भिंतीवरच आहेत. दोघांनी मिळून फीत लावून मोजमाप घेऊ, असे पत्र आम्ही त्याला पाठवले आहे आणि त्याचे उत्तर आलेले नाही.