एकेक मेसेज की अख्खा दिवस?

लातूरकडच्या शेतकऱ्यांशी झालेल्या आमच्या जुन्या चॅटमधून उत्तरं शोधायची होती. अर्थावरून शोधणाऱ्या प्रणालीसाठी चॅटचे तुकडे पाडावे लागतात; ते दोन तऱ्हेने पाडून पाहिले.

आधी प्रत्येक मेसेज वेगळा. “पिवळ्या सोयाबीनवर काय फवारलं होतं?” असं शोधलं, तर वर आला शेतकऱ्याचाच प्रश्न: “दादा, सोयाबीन पिवळं पडलंय.” खरं उत्तर होतं, “तेच मारा, पंपाला ७५ ग्रॅम.” त्यात ना सोयाबीन, ना फेरस सल्फेट. ‘तेच’ म्हणजे काय, हे दोन मेसेज आधी लिहिलेलं. मग ते सापडणार कसं?

दुसऱ्यांदा दिवसभराचं चॅट एकाच तुकड्यात घेतलं. उत्तर आत होतं, पण सोबत पीकविमा, तुरीची अळी, मोटारीचं बिलही. एका तुकड्याचा एकच व्हेक्टर, म्हणजे त्याचा अर्थ टिपणारी आकड्यांची यादी, बनतो. त्यात सगळ्या विषयांची सरमिसळ झाली आणि तो तुकडा निकालांत बराच खाली गेला.

माझा कल लहान तुकड्यांकडेच, पण प्रश्नापासून उत्तरापर्यंतचे मेसेज एकत्र ठेवून. आमच्याकडे ते सहा-आठ भरतात. शेजारच्या तुकड्यांत दोन मेसेज सामाईक ठेवले, की ‘तेच’ सहसा पोरकं होत नाही. शेतकरी चार दिवसांनी “फरक पडला” म्हणतो, तो धागा मात्र यानेही तुटतोच.